पाऊल पुढे टाकणारे कमी, आवरणारे जास्त

बरेच महिने खुर्चीत बसून काम करणारा माणूस एखाद्या सकाळी नेटाने भरभर चालायला निघतो. पंधरा-वीस मिनिटांत पाय भरून येतात. पण दुखतं कुठे? पुष्कळांच्या बाबतीत पोटरीत नाही आणि मांडीतही नाही. दुखतं ते पायाच्या पुढच्या बाजूला, नडगीच्या हाडाला लागून बाहेरच्या अंगाने. हे विचित्र आहे. शरीर पुढे ढकलायचं तर जोर मागून लागायला हवा आणि तो लावणारी पोटरी मागेच आहे. नडगीपुढचा स्नायू चवडा वर उचलण्यापलीकडे फारसं काही करत नाही. शरीर पुढे ढकलणं त्याच्या हातात नाही. मग चालण्याने सर्वांत आधी तोच का थकावा? या प्रश्नाचं उत्तर शोधताना चालण्याबद्दलची एक पक्की समजूत बाजूला ठेवावी लागते. स्नायू आपल्याला पुढे नेतात, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात सपाट जमिनीवर, बेताच्या वेगाने चालताना पायातले बहुतेक स्नायू बहुतेक वेळ शरीराला ढकलत नसतात. आधीच पुढे निघालेल्या शरीराला ते आवरत असतात. हे कसं, ते एका पावलाच्या मागोमाग जाऊन पाहू.

एका आवर्तनाचा हिशेब

उजवी टाच जमिनीला टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंतचा काळ म्हणजे चालीचं एक आवर्तन. त्यात दोन पावलं पडतात, एक डावं आणि एक उजवं. निरोगी प्रौढ माणसाला नेहमीच्या चालीत एका आवर्तनाला साधारण एक सेकंद लागतो. त्यातला सुमारे साठ टक्के वेळ उजवा पाय जमिनीवर असतो आणि चाळीस टक्के वेळ हवेत. पहिल्याला आधाराचा काळ म्हणू, दुसऱ्याला अधांतरीचा काळ. दोन्ही पायांचे साठ-साठ टक्के मिळून शंभराहून जास्त होतात, याचाच अर्थ काही क्षण दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असतात. असे क्षण एका आवर्तनात दोनदा येतात आणि प्रत्येक वेळी ते सुमारे दहा टक्के टिकतात. वेग वाढला की ते आखडतात आणि पळताना नाहीसे होतात. चालणं आणि पळणं यांतला नेमका फरक हाच.

चौकट: उजव्या पायाचा एक सेकंद
० टक्के: टाच टेकते.
० ते १० टक्के: चवडा खाली येतो, गुडघा थोडा वाकतो, डाव्या पायावरचं वजन उजव्यावर येतं.
१० ते ५० टक्के: डावा पाय हवेत; सगळा भार एकट्या उजव्यावर. शेवटी उजवी टाच उचलली जाते.
५० टक्के: डावी टाच टेकते.
५० ते ६० टक्के: उजवा चवडा जमीन सोडायच्या तयारीत, शेवटी अंगठा सुटतो.
६० ते १०० टक्के: उजवा पाय हवेतून पुढे येतो.

हे आकडे रोजच्या चालीचे आहेत. म्हातारपणी, अंधारात किंवा ओल्या फरशीवर माणूस हळू चालतो आणि दोन्ही पाय जमिनीवर असण्याचा काळ वाढवतो. नुकतं चालू लागलेलं मूल टाच आधी टेकवतच नाही, सगळा तळवा एकदम ठेवतं. टाचेपासून सुरुवात करण्याची रीत दोन वर्षांच्या आसपास बसते. पण ज्याला ती बसली आहे त्याच्या चालीतला हा क्रम इतका ठरलेला असतो, की एखादा स्नायू गळाला तर नेमक्या कोणत्या क्षणी चाल बिघडते ते पाहून जाणकार फिजिओथेरपिस्ट त्या स्नायूचं नाव सांगू शकतात. पुढच्या सगळ्या विवेचनात आपणही हाच पुरावा वापरणार आहोत: स्नायू असताना जे दिसत नाही, ते तो नसताना दिसतं.

टाच टेकते तेव्हा

टाच टेकते त्या क्षणी घोटा जवळजवळ काटकोनात असतो आणि चवडा वर असतो. वजन टाचेवर पडतं, पण घोट्याचा सांधा टाचेच्या टोकापेक्षा पुढे आहे. त्यामुळे जमिनीचा रेटा चवड्याला खाली आपटायला पाहतो. तो आपटत नाही, कारण नडगीपुढचा स्नायू त्या क्षणी कामात असतो. वैद्यकात त्याला टिबिआलिस अँटिरिअर म्हणतात. तो चवडा उचलण्यासाठी ओढ घेत असतो आणि तरीही चवडा खालीच जात असतो. स्नायू जोर लावतो आहे, पण आखडण्याऐवजी लांब होतो आहे. ऐकायला हे उलटं वाटतं, पण विहिरीत जड घागर सोडणारे हात हेच करतात. घागर खाली जात असते, दोर सरकत असतो, आणि तरी हात पूर्ण वेळ वरच्या दिशेने ओढ धरून असतात. ती ओढ सोडली तर घागर दणकन पाण्यावर आदळेल. स्नायूच्या या कामाला आपण ‘सोडतं काम’ म्हणू. चालण्याचं बरंचसं गुपित या सोडत्या कामात आहे.

नडगीपुढचा स्नायू दुबळा झाला की काय होतं, ते कानांनी कळतं. निरोगी माणूस अनवाणी फरशीवर चालतो तेव्हा टाचेचा एक हलका आवाज येतो आणि चवडा मुकाट्याने खाली येतो. स्नायू दुबळा असेल तर टाचेच्या आवाजापाठोपाठ चवड्याची ‘थप्प’ अशी दुसरी थाप ऐकू येते. माणूस जिन्यावर असला तरी खोलीत बसलेल्याला ती ऐकू येते, आणि थाप कोणत्या पायाची तेही कळतं.

त्याच दहा टक्क्यांत वरच्या बाजूला, गुडघ्यात, असंच काम चाललेलं असतं. टाच टेकल्यावर गुडघा ताठ राहत नाही; तो पंधरा ते वीस अंशांनी वाकतो आणि या वाकण्यात वजनाचा धक्का जिरतो. धक्का लहान नसतो. या टप्प्यात जमिनीवर पडणारा भार शरीराच्या वजनाच्या शंभर नव्हे, तर एकशेदहा ते एकशेवीस टक्क्यांपर्यंत जातो, कारण खाली येणाऱ्या शरीराला थांबवून पुन्हा वर न्यायचं असतं. गुडघा हवा तेवढाच वाकावा आणि दुमडून जाऊ नये, हे मांडीच्या पुढचा चार भागांचा मोठा स्नायू पाहतो. क्वाड्रिसेप्स हे त्याचं नाव बऱ्याच जणांनी व्यायामशाळेत ऐकलेलं असतं. गुडघा सरळ करणारा हा स्नायू इथे जोर लावत लावत लांब होतो. पुन्हा सोडतं काम.

याचा पुरावा आपल्या देशात एके काळी गावोगाव दिसायचा. पोलिओने क्वाड्रिसेप्स गेलेली माणसं चालताना त्या बाजूचा हात गुडघ्याच्या जरा वर, मांडीवर ठेवत. नीट पाहिलं तर लक्षात येई की हात पूर्ण वेळ दाबत नसे. पायावर वजन येताना हाताचा दाब मांडीला मागे रेटी आणि शरीर पायाच्या पुढे सरकलं की तो दाब सैल पडे. हाताने गुडघा उचलला जात नव्हता आणि शरीरही पुढे ढकललं जात नव्हतं. गुडघा दुमडू नये एवढंच काम हात करत होता, आणि तेवढ्याच वेळापुरतं. निरोगी पायात क्वाड्रिसेप्सचं कामही नेमकं त्याच वेळापुरतं असतं. स्नायूंतल्या विजेच्या हालचाली टिपणारी यंत्रं लावली तर हेच दिसतं: टाच टेकायच्या थोडं आधी तो जागा होतो आणि आवर्तनाचा पाचवा हिस्सा उलटायच्या सुमारास शांत होतो. भारत 2014 मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यामुळे ही चाल आता हळूहळू दिसेनाशी होत आहे. पण चालीच्या शास्त्राला तिने जे शिकवलं ते कायमचं आहे.

इथे एखादा वाचक म्हणेल की लांब होताना जोर लावणं हे काही खरं काम नव्हे, स्नायूला त्याचा त्रास कसा व्हावा? सिंहगड चढून उतरलेल्या कोणालाही याचं उत्तर ठाऊक आहे. चढताना छाती भरते, धाप लागते. उतरताना श्वास शांत असतो. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतरण्याने. चढताना क्वाड्रिसेप्स आखडून शरीर उचलतो, उतरताना प्रत्येक पायरीवर लांब होत शरीर खाली सोडतो. सोडत्या कामाला प्राणवायू कमी लागतो, पण प्रत्येक तंतूवर ताण जास्त येतो आणि सवय नसलेल्या स्नायूत त्याने बारीक इजा होते. नडगीचं दुखणं याच जातीचं आहे, पण पुरतं तेवढंच नाही. त्या स्नायूला आणखी एक काम आहे, ते अधांतरीच्या काळात येईल.

एका पायावर

डावा पाय जमिनीवरून सुटला की आवर्तनाचे पुढचे चाळीस टक्के आपण एका पायावर उभे असतो. इथे शरीर पुढे कसं जातं, हा खरा प्रश्न आहे, आणि इथे ढकलण्याची समजूत सर्वांत जास्त फसते. रोवलेल्या उजव्या पायावरून खुबा एका कमानीत पुढे जातो. कमानीच्या पहिल्या अर्ध्यात शरीर थोडं वर चढतं आणि वेग थोडा कमी होतो; दुसऱ्या अर्ध्यात ते खाली उतरतं आणि वेग परत येतो. उंचीत साठवलेली शक्ती वेगात आणि वेगातली उंचीत अशी अदलाबदल चालू राहते. इटालियन शास्त्रज्ञ जोव्हानी काव्हान्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीवरचा भार मोजणाऱ्या पाट्यांवर माणसं चालवून दाखवलं की बेताच्या चालीत निम्म्याहून जास्त शक्ती या अदलाबदलीतून परत वापरली जाते. म्हणून या टप्प्याच्या मध्यावर पायाच्या पुढचे मोठे स्नायू जवळजवळ गप्प असतात. भारसुद्धा वजनाच्या सुमारे ऐंशी टक्क्यांवर उतरतो, कारण शरीर कमानीच्या माथ्यावरून जात असतं.

मात्र एक स्नायू या सगळ्या काळात मोठी कामगिरी करत असतो आणि त्याच्याकडे फार कमी लक्ष जातं. उजव्या पायावर उभं राहताना शरीराचं वजन उजव्या खुब्याच्या आत, मध्याच्या बाजूला असतं. त्यामुळे कमरेचं हाडांचं कडं डाव्या बाजूला, म्हणजे ज्या पायाला आधार नाही त्या बाजूला, खाली कलंडायला पाहतं. ते धरून ठेवतो खुब्याच्या बाहेरच्या अंगाचा, विजारीच्या खिशाच्या मागे येणारा स्नायू, ग्लुटिअस मीडिअस. हा उजवीकडचा स्नायू डावीकडचं कडं धरतो. तोही अगदी ताठ धरत नाही. चार-पाच अंश खाली जाऊ देतो आणि मग थांबवतो.

यात लागणारा जोर एकदा हिशेबाने पाहावा. साठ किलो वजनाचा माणूस घ्या. ज्या पायावर तो उभा आहे त्या पायाचं वजन सोडलं तर खुब्यावर तोलायचे राहतात सुमारे पन्नास किलो. या वजनाचा रोख खुब्याच्या सांध्यापासून साधारण दहा सेंटिमीटर आत पडतो, असं धरू. स्नायूला मात्र सांध्याच्या बाहेर पाचच सेंटिमीटरचा टेकू मिळतो. तोल राखायचा तर पन्नास गुणिले दहा म्हणजे पाचशे, भागिले पाच. स्नायूला शंभर किलोंची ओढ धरावी लागते. खुब्याच्या सांध्यावर दाब येतो तो वजन आणि ओढ मिळून, दीडशे किलोंच्या घरात. म्हणजे माणूस साठ किलोंचा, पण प्रत्येक पावलाला खुब्यावर त्याच्या अडीच पट. आता उजवा खुबा दुखत असेल तर काठी कोणत्या हातात घ्यावी? पुष्कळ लोक दुखऱ्या बाजूच्याच हातात घेतात. ती डाव्या हातात घेतली आणि तिच्यावर फक्त पाच किलो भार टाकला, तर काठी सांध्यापासून चाळीसएक सेंटिमीटर दूर असल्याने पाच गुणिले चाळीस म्हणजे दोनशेचा भार हलका होतो. स्नायूच्या वाट्याला उरतात तीनशे भागिले पाच, म्हणजे साठ किलो. सांध्यावरचा दाब दीडशेवरून शंभराच्या आसपास येतो. हातावर पाच किलो आणि खुब्यावरून पंचेचाळीस किलो कमी. अंतरं माणसागणिक थोडी बदलतात, पण निष्कर्ष बदलत नाही: काठी दुखऱ्या बाजूच्या उलट हातात.

हा स्नायू गळाला तर काय दिसतं ते जर्मन शल्यचिकित्सक फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ग यांनी 1895 मध्ये लिहून ठेवलं. दुबळ्या पायावर उभं केलं की विरुद्ध बाजूचं कमरेचं कडं खाली जातं. चालताना रुग्ण ते टाळण्यासाठी धड दुबळ्या पायाच्या बाजूला झुकवतो. असं झुकल्याने वजनाचा रोख सांध्याजवळ येतो आणि स्नायूवरची मागणी उतरते. वरच्या हिशेबातला दहाचा आकडा तो रुग्ण नकळत कमी करत असतो.

टाच उचलते, अंगठा सुटतो

एका पायावरच्या टप्प्यात पोटरीही जागी असते, आणि सुरुवातीला तीही आवरण्याचंच काम करते. तळवा जमिनीवर रोवलेला असतो आणि नडगी त्याच्यावरून पुढे झुकत जाते, दहा अंशांपर्यंत. पोटरीचा आतला थर, सोलिअस, या झुकण्याला मागून धरून ठेवतो. त्याने नडगी अडवली की गुडघाही आपोआप सरळ राहतो आणि क्वाड्रिसेप्सला सुट्टी मिळते. मग तीस टक्क्यांच्या पुढे टाच जमिनीवरून उठते, सगळं वजन चवड्यावर येतं आणि पोटरीवरचा ताण कळसाला पोचतो.

इथे आमच्या मांडणीवरचा सर्वांत मोठा आक्षेप येतो. सगळे स्नायू आवरतच असतील तर माणूस थांबेल. कमानीतली अदलाबदल शंभर टक्के नाही. प्रत्येक वेळी टाच टेकताना काही शक्ती वाया जाते आणि ती कोणीतरी भरून काढलीच पाहिजे. आक्षेप बरोबर आहे. ती भरपाई होते मुख्यतः आवर्तनाच्या पन्नास ते साठ टक्क्यांमध्ये, पोटरीच्या एका छोट्या, जोरकस झटक्याने. घोटा वीसेक अंशांनी खाली ढकलला जातो आणि चालीतला सर्वांत मोठा खरा जोर इथे लागतो. म्हणून ढकलणं नाही असं म्हणणं चूक ठरेल. ढकलणं आहे, पण ते सेकंदाच्या दहाव्या हिश्शात आटोपतं आणि मुख्यतः एका जागी होतं. बाकीचा वेळ आवरण्याचा.

या झटक्याची वेळही विचार करायला लावते. स्नायूंतली वीज टिपली तर पोटरीतली वीज पन्नास टक्क्यांच्या सुमारास, म्हणजे दुसरी टाच टेकता टेकता, उतरू लागलेली असते. जोर मात्र त्यानंतर दिसतो. मग तो येतो कुठून? टाचेच्या मागच्या जाड कंडरेतून. पोटरी आणि टाच यांना जोडणारी ही कंडरा नडगी पुढे झुकत असताना ताणली जाते आणि ताण सुटताना साठवलेली शक्ती परत देते. जपानी संशोधक तेत्सुओ फुकुनागा आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये चालणाऱ्या माणसाच्या पोटरीचं सोनोग्राफीने चित्रण केलं. स्नायूचे तंतू आधाराच्या काळात जवळजवळ एकाच लांबीला राहतात आणि लांबणं-आखडणं बरंचसं कंडरा करते, असं त्यांना दिसलं. यातून एक दुरुस्ती करावी लागते. पोटरीच्या बाबतीत ‘स्नायू लांब होतो’ हे ढोबळ विधान आहे. स्नायू आणि कंडरा मिळून लांब होतात, आणि स्नायू स्वतः मुख्यतः धरून राहतो. मूळ मुद्दा याने ढासळत नाही, उलट पक्का होतो. एकाच लांबीला राहून ताण धरणं स्नायूला स्वस्त पडतं, आणि धरलेला ताण कंडरा वेगाने परत करते.

साठ टक्क्यांना अंगठा जमीन सोडतो. या क्षणाला ‘अंगठ्याने ढकलणं’ असं चित्र डोळ्यांसमोर येतं, पण तोवर वजन डाव्या पायावर गेलेलं असतं आणि उजव्या अंगठ्यावर फार थोडा भार उरतो. गुडघा आधीच चाळीस अंशांच्या आसपास वाकलेला असतो. पाय जमिनीवरून सुटतो तो पुढच्या प्रवासाला निघालेला असतो म्हणून.

हवेतला पाय

पाय हवेत असताना स्नायू काही करतात का, हा वाद जुना आहे. जर्मनीतले वेबर बंधू, विल्हेल्म आणि एदुआर्द, यांनी 1836 मध्ये मानवी चालीवर पुस्तक लिहिलं आणि त्यात मांडलं की हवेतला पाय स्वतःच्या वजनाने झुलत पुढे येतो, स्नायूंची गरज नाही. पुढे शतकाच्या अखेरीस ब्राउने आणि फिशर या संशोधकांनी चालणाऱ्या माणसाची छायाचित्रं मोजून त्यातून बलांचं गणित केलं आणि नुसत्या वजनाने ते जुळत नाही असं दाखवलं. पण वेबर बंधू साफ चुकले असंही नाही. 1990 च्या सुमारास टॅड मॅकगीअर या संशोधकाने कॅनडात एक दोन पायांचं यंत्र बनवलं, ज्यात ना मोटर होती ना नियंत्रण. हलक्या उतारावर सोडलं की ते आपोआप पावलं टाकत चालत जाई. उतार जी शक्ती पुरवी ती आपल्याला सपाट जमिनीवर पोटरी पुरवते. म्हणजे झुलणं खरं आहे, पण झोक्याची सुरुवात आणि शेवट स्नायूंकडे आहे. सुरुवातीला जांघेतला खोल स्नायू मांडीला पुढे झटका देतो. त्या झटक्याने नडगी मागे राहते आणि गुडघा साठ अंशांपर्यंत दुमडतो. त्यासाठी गुडघा दुमडणाऱ्या स्नायूंना फारसा जोर लावावा लागत नाही. मग मध्ये शांतता. शेवटी, पुढे भिरकावल्या गेलेल्या नडगीला थांबवायला मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग स्नायू जागे होतात आणि लांब होत होत तिचा वेग उतरवतात. तेही सोडतं काम.

या मधल्या शांततेत एकच स्नायू कामावर असतो आणि तो म्हणजे नडगीपुढचा. हवेतला पाय सर्वांत वेगाने पुढे जात असतो नेमक्या त्या क्षणी चवडा आणि जमीन यांत जेमतेम एक ते दोन सेंटिमीटरचं अंतर असतं. चवडा जरासा लोंबला तरी ठेच. म्हणून अंगठा सुटल्यापासून टाच टेकेपर्यंत तो चवडा उचलून धरतो आणि टाच टेकली की लगेच तोच चवडा सावकाश खाली सोडायला लागतो. दोन्ही मिळून आवर्तनाचा निम्मा वेळ. मिनिटाला एकशेदहा पावलं धरली तर एका पायाची आवर्तनं पंचावन्न, तासाला तीन हजारांवर. भरभर चालताना टाच अधिक तिरकी आणि अधिक जोरात पडते, त्यामुळे सोडण्याचं काम जड होतं आणि दोन खेपांमधली विश्रांती आखडते. सवय नसलेल्या माणसाच्या नडगीत पहिल्याच दिवशी कळ येते ती यामुळे. ती एकदोन दिवसांत उतरते आणि आठवड्याभरात स्नायू सरावतो. पण दुखणं हाडावरच्या एकाच बिंदूवर असेल, किंवा बसल्यावरही थांबत नसेल, तर ते वेगळं आहे आणि दाखवून घ्यायला हवं.

या स्नायूला आज्ञा देणारी नस गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या मानेला वळसा घालून, कातडीच्या अगदी खालून जाते. बोटांनी चाचपली तर हाताला लागते. कुष्ठरोगात ज्या नसांना इजा होते त्यांत ही एक महत्त्वाची आहे. नस गेली की चवडा लोंबतो आणि माणूस ठेच टाळायला गुडघा उंच उचलून पाऊल टाकतो. अशा पायावर एक जुनी आणि यशस्वी शस्त्रक्रिया होते. नडगीच्या मागचा एक खोल स्नायू, जो आधाराच्या काळात पावलाची कमान सांभाळतो, त्याची कंडरा सोडवून पुढे आणतात आणि पावलाच्या पाठीला जोडतात. स्नायू तोच, पण त्याची वेळ चुकीची. तो पाय जमिनीवर असताना कामाला लागणारा आणि आता त्याने पाय हवेत असताना चवडा उचलायचा. प्लॅस्टर निघाल्यावर फिजिओथेरपिस्ट रुग्णाला आधी बसवून, मग उभं करून, मग चालवून ही नवी वेळ शिकवतात. अनेकांचा स्नायू ती शिकतो. काहींचा शिकत नाही, पण नुसता ताण धरून राहिला तरी चवडा लोंबत नाही. चाल ही ताकदीइतकीच वेळेची गोष्ट आहे, याला यापेक्षा थेट पुरावा मिळणं कठीण.

म्हणून वाचकांना एक सांगणं आहे. घरातल्या कोणाच्या एका पायाची चवड्याची थाप नव्याने ऐकू येऊ लागली, चालताना एकाच पायातली चप्पल नकळत सुटू लागली, किंवा सपाट फरशीवर तोच चवडा वारंवार अडखळू लागला, तर वयाला दोष देऊन थांबू नका. हे अचानक झालं आणि सोबत हात किंवा चेहरा लुळा वाटला तर त्याच घटकेला रुग्णालय गाठा. हळूहळू झालं असेल तर अंगावर कुठे फिकट, बधिर चट्टा आहे का ते पाहा आणि जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जा. कुष्ठरोगाचे उपचार तिथे मोफत मिळतात. नसेची इजा सहा महिन्यांच्या आतली असेल तर औषधांनी ती पुष्कळदा भरून येते. त्यानंतर मात्र बहुधा शस्त्रक्रियेचा मार्ग उरतो.